प्रतिज्ञापत्रातलं नाव आणि जोडलेले कागद

"प्रतिज्ञापत्रात कुठेही नावाची एक वेलांटी चुकली की ते आपोआप रद्द होतं, म्हणून जोडलेल्या कागदांवरही नाव दुरुस्त करून घ्या."

असा सल्ला कुणी दिला तर तो बरोबर नाही. वेलांटीमुळे प्रतिज्ञापत्र आपोआप रद्द होत नाही. माणूस तोच आहे का, हा खरा प्रश्न असतो. फरक दिसला की तिथे शंका येते आणि खुलासा मागितला जातो, म्हणून आपण लिहिलेल्या मजकुरात नाव एकसारखं हवंच. जोडलेली कागदपत्रं मात्र आपण लिहिलेली नसतात. त्यांच्या प्रतीवर खाडाखोड केली तर ती मूळ कागदाशी जुळणार नाही, आणि साध्या फरकाच्या जागी फेरफाराचा गंभीर संशय येईल.

समजा आधारवर 'सुनीता' आहे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'सुनिता'. मग शीर्षकात, सत्यापनात, सहीखाली आणि प्रत्येक परिशिष्टावरच्या आपल्या शेऱ्यात 'सुनीता'च ठेवा. दाखला आहे तसाच जोडा आणि मजकुरात एक परिच्छेद घाला: "परिशिष्ट 'अ' मध्ये माझे नाव 'सुनिता' असे नमूद असून, सुनीता व सुनिता ही एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच, नावे आहेत."

तपासायला छापण्याआधी संगणकावर 'सुनिता' शोधा. ते फक्त या परिच्छेदात सापडायला हवं. आडनाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नावही तसंच पाहा. घाईत तिथेच जास्त चुकतं. छापल्यावर चूक दिसली तर शपथ घेण्याआधी ते पान नव्याने छापून घ्या. शपथ झाल्यावर स्वतःहून काहीही बदलू नका.