करार, समजूत, तडजोड आणि तह: इंदूरच्या मराठी व्यवहारातील शब्द

दोन पक्षांत काही ठरले की मराठीत त्याला करार, बोली, सौदा, समजूत, तडजोड, समेट किंवा तह म्हणतात. इंदूरच्या मराठी घरांत याच्या जोडीला लिखापढी, किरायानामा, समझौता हे हिंदी शब्दही रोजचे आहेत. कोणता शब्द कुठे वापरावा हे ठरवताना एक प्रश्न विचारावा: उद्या एकाने शब्द फिरवला, तर दुसऱ्याने कुणाकडे जायचे?

न्यायालयात जाता येत असेल, तर तो करार. 1872 च्या करारविषयक कायद्यात दोन पायऱ्या आहेत. एकमेकांच्या मोबदल्यात दिलेली वचने ही पहिली आणि त्यांतली कायद्याने अंमलात आणता येणारी ही दुसरी. बोलीभाषेत दोन्हींना करारच म्हणतात. कायद्याच्या मराठीत दुसरीला संविदा म्हणतात, तर इंदूरच्या हिंदी कागदांवर अनुबंध हा शब्द दिसतो. कंपन्या किंवा विद्यापीठे ज्याला सामंजस्य करार म्हणतात तो बंधनकारक आहे की नाही, हे मथळ्यावर नव्हे तर आतल्या कलमांवर ठरते. म्हणून पैशाच्या व्यवहारात नुसता सामंजस्य हा शब्द पाहून निर्धास्त राहू नये.

तह हा राज्याराज्यांतला शब्द आहे आणि त्यात बहुधा युद्धाची पार्श्वभूमी असते. इंदूरला त्याचे उदाहरण घरचेच आहे. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला. त्याने होळकर दरबार इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेला आणि राजपूत संस्थानांवरचे हक्क त्याला सोडावे लागले. एवढे वजन असलेला शब्द दुकानाच्या भागीदारीला लावला, तर भागीदार आधी शत्रू होते असे ध्वनित होते.

घरातल्या ठरावाला समजूत हा शब्द चपखल बसतो, कारण त्यात मुळात न्यायालय अभिप्रेतच नसते. बाल्फर विरुद्ध बाल्फर या 1919 च्या इंग्रजी निकालात, नवऱ्याने बायकोला महिना 30 पौंड देण्याचे दिलेले वचन करार मानले गेले नाही, कारण ते देताना दोघांच्याही मनात कायदेशीर बंधन नव्हते. भारतातही हा निकाल आजवर आधाराला घेतला जातो.

मात्र घराच्या मालमत्तेपाशी समजूत अपुरी पडते. समजा, राजवाड्याच्या परिसरातल्या वडिलोपार्जित घराबद्दल दोन भाऊ आणि बहीण एकत्र बसतात. दादाने तळमजला घ्यावा, धाकट्याने वरचा मजला घ्यावा, ताईला रोख रक्कम द्यावी असे ठरते. कौटुंबिक व्यवस्था तोंडीही होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली काळे खटल्यात स्पष्ट केले. आधीच झालेल्या व्यवस्थेची नुसती आठवण म्हणून लिहिलेल्या टिपणाला नोंदणी लागत नाही. पण ज्या कागदानेच हक्क निर्माण होतात, त्याची नोंदणी करावी लागते. म्हणून ‘गेल्या दिवाळीत आम्ही अशी वाटणी केली, त्याची ही नोंद’ आणि ‘या कागदान्वये आम्ही वाटणी करीत आहोत’ ही दोन वाक्ये सारखी दिसली तरी त्यांचे परिणाम फार वेगळे आहेत. तोंडी काहीच झाले नसताना पहिले वाक्य लिहून नोंदणी टाळण्याचा मोह होतो. पुढे वाद झाला की ताबा कुणाकडे होता, घरपट्टी कोण भरत होते हे विचारले जाते आणि तिथे असा कागद उघडा पडतो. वाटणी आजच होत असेल, तर सरळ वाटणीपत्र करून ते नोंदवावे.

भांडण झाल्यानंतर जे ठरते ती तडजोड किंवा समेट. समेटात मने जुळल्याचा अर्थ आहे, तर तडजोडीत प्रत्येकाने काही सोडल्याचा. दिवाणी दाव्यात लेखी तडजोड न्यायालयात नोंदवली की तिच्यावर हुकूमनामा होतो आणि ती मोडणाऱ्याविरुद्ध थेट अंमलबजावणी मागता येते. फौजदारी प्रकरणात मात्र इंदूरच्या कोर्टात कानावर पडणारा शब्द आहे राजीनामा. पुण्याच्या नातेवाइकाला ‘राजीनामा झाला’ असे कळवले, तर त्याला नोकरी सुटली असे वाटेल. इथे त्याचा अर्थ फिर्यादी आणि आरोपी यांनी आपसात मिटवले असा आहे. तसे मिटवण्याची मुभा सगळ्या गुन्ह्यांत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये असे गुन्हे दिले आहेत आणि त्यांतल्या काहींना न्यायालयाची परवानगी लागते. त्या यादीबाहेरच्या गुन्ह्यात दोन्ही घरांनी कितीही मनापासून सह्या केल्या, तरी तेवढ्याने खटला बंद होत नाही.