जर्मन परीक्षेतील आलेखवर्णन : पार्श्वभूमी

जर्मन शिकणाऱ्याला मध्यम पातळीवर भेटणारा आलेख मुळात विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षांतून आला आहे. जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी २००१ मध्ये टेस्टडाफ ही परीक्षा सुरू झाली. तिच्या कागदी आवृत्तीत लेखनाच्या साठ मिनिटांपैकी सुमारे वीस मिनिटे आलेखाच्या वर्णनाला आणि उरलेली मतप्रदर्शनाला द्यावीत, असा प्रघात होता. तोंडी भागातही आलेख समोर ठेवला जाई आणि एक मिनिट विचार करून दीड मिनिट बोलावे लागे. ही परीक्षा भाषाज्ञान बी-२ ते सी-१ या पातळ्यांच्या पट्ट्यात मोजते, त्यामुळे बी-२ च्या वर्गांतही आलेखाचा सराव रुजला.

सरावाबरोबर साचाही आला. ‘आलेख अमुक विषयाची माहिती देतो’, ‘आकडे टक्क्यांत दिले आहेत’, ‘लक्षात येते ते असे की’ अशा तयार वाक्यांना जर्मन वर्गात रेडेमिटल म्हणतात, आणि त्यांच्या याद्या पाठ करणे हीच तयारी, असा समज पसरला. दुसऱ्या प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे डीएसएचच्या, नियमावलीत मात्र अशा आगाऊ रचलेल्या मजकुरावर उत्तर निभावता येऊ नये, असाच आग्रह आहे. माझ्या मते हा आग्रह योग्य आहे, कारण विद्यार्थ्याला आलेख कळला की नाही, हे साच्यातून कधीच दिसत नाही. ते दिसते दोन छोट्या शब्दयोगी अव्ययांत आणि एका नामात.

एक कल्पित आलेख घेऊ. कामावर सायकलने जाणाऱ्यांचे प्रमाण २०१० मध्ये २० टक्के होते आणि २०२० मध्ये ते ३० टक्के झाले. जर्मनमध्ये ‘आउफ’ने आपण कुठे पोहोचलो ते सांगतो, ‘उम’ने किती अंतर कापले ते. म्हणून ‘डेर आनटाइल इस्ट फोन २० आउफ ३० प्रोत्सेंट गेश्टीगन’, म्हणजे प्रमाण २० वरून ३० टक्क्यांवर गेले, हे बरोबर. मराठीतही ‘तीस टक्क्यांवर गेले’ आणि ‘दहाने वाढले’ असा फरक आपण सहज करतो. तरीही परीक्षेच्या घाईत ‘उम ३० प्रोत्सेंट’ लिहिले जाते, आणि मग प्रमाण २० वरून २६ झाले असा अर्थ निघतो. परीक्षकाच्या दृष्टीने ही व्याकरणाची किरकोळ चूक राहत नाही, कारण आलेखातला मजकूरच बदललेला असतो.

खरा गुंता ‘उम’च्या पुढे आहे. ‘उम १० प्रोत्सेंट’ हेही इथे चूकच, कारण वीसचे दहा टक्के म्हणजे दोन, आणि प्रमाण २२ ठरेल. दोन टक्केवाऱ्यांमधील वजाबाकीसाठी जर्मनमध्ये ‘प्रोत्सेंटपुंक्ट’ हा स्वतंत्र शब्द आहे: वाढ दहा प्रोत्सेंटपुंक्टची आहे, आणि मूळ वीसच्या तुलनेत ती पन्नास टक्के आहे. दोन्ही विधाने खरी, पण एकमेकांच्या जागी चालणारी नाहीत. रोजच्या मराठीत दोन्हींना टक्केच म्हणतात, त्यामुळे हा शब्द आपल्याला अनावश्यक वाटतो. जर्मन भाषकही बोलताना तो गाळतात हे खरे. मात्र लेखी उत्तरात ‘उम’ वापरायचेच असेल तर तो लिहिणे सुरक्षित. शब्दाची खात्री नसेल त्याने ‘फोन… आउफ…’ची रचना धरावी, तीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

आलेखाच्या प्रकारांच्या नावांवर मात्र वर्गात गरजेपेक्षा जास्त वेळ जातो. उभ्या पट्ट्यांना झॉयलन आणि आडव्यांना बाल्कन म्हणतात, एवढे पुरे. खात्री नसेल तर ‘ग्राफीक’ हा शब्द सर्वत्र चालतो.

पुढे परीक्षांनीच दिशा बदलली. २०२० मध्ये टेस्टडाफची डिजिटल आवृत्ती आली आणि तिच्या लेखन भागात एक मजकूर व एक आलेख यांचा मिळून तीस मिनिटांत सारांश मागितला जाऊ लागला. २०२४ पासून सी-१ च्या एका प्रमुख प्रमाणपत्र परीक्षेच्या नव्या लेखन भागात आलेखाची जागा चर्चेतील मतलेखनाने घेतली. कोणी याला आलेखवर्णनाची पिछेहाट म्हणतात. मला ते पटत नाही, कारण सारांशाच्या प्रश्नात सगळे आकडे वाचून दाखवण्याची सोय नाही आणि कोणता आकडा घ्यायचा हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. सोबतचा मजकूर ‘सायकलचा वापर जेमतेम वाढला’ असे म्हणत असेल, तर त्या उत्तरात पहिल्या वाक्याचा साचा काही कामाचा नाही. २० वरून ३० हा एकच आकडा, योग्य अव्ययासह आणि मजकुराशी असलेला विरोध दाखवून, लिहावा लागतो.