विद्यार्थी व्हिसावरून स्किल्ड वर्कर व्हिसाकडे (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याने देश न सोडता विद्यार्थी व्हिसा बदलून कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीचा व्हिसा घेणे, याला तिथे बोलीत 'स्विच करणे' म्हणतात. असा स्किल्ड वर्कर व्हिसा १ डिसेंबर 2020 पासून आहे. त्याआधी हेच काम 'टियर टू जनरल' या नावाने चाले. 22 जुलै 2025 पासून नियम कडक झाले. तेव्हापासून नव्याने येणाऱ्याची नोकरी सर्वसाधारणपणे पदवी पातळीची असावी लागते. इथे पातळी पाहतात ती कामाची. हातात एम.एस्सी. असली आणि काम दुकानातल्या काउंटरवरचे असले, तर त्या पदवीचा व्हिसासाठी उपयोग नाही.

या व्यवस्थेत तीन पक्ष असतात: कंपनी, उमेदवार आणि होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचे गृहखाते. कंपनीकडे होम ऑफिसचा स्पॉन्सर परवाना असावा लागतो. परवानाधारक कंपन्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. कंपनी उमेदवारासाठी 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' देते. नावात सर्टिफिकेट असले तरी ती ऑनलाइन नोंद असते आणि उमेदवाराच्या हाती येतो फक्त तिचा क्रमांक. पद, व्यवसायाचा संकेतांक, पगार, आठवड्याचे तास आणि रुजू होण्याची तारीख त्या नोंदीत असते. क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उमेदवाराने स्वतः व्हिसाचा अर्ज करायचा असतो. शिक्षण ब्रिटनमध्येच झाल्याने इंग्रजीची वेगळी परीक्षा सहसा द्यावी लागत नाही, पदवीच पुरते.

खरी अडचण पगाराची. सर्वसाधारण उमेदवाराला वर्षाला किमान 41,700 पौंड किंवा त्या व्यवसायाचा ठरवून दिलेला दर, म्हणजे 'गोइंग रेट', यांपैकी जो आकडा मोठा तो मिळावा लागतो. नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी 'न्यू एन्ट्रंट' ही सवलत आहे. तिच्यात किमान 33,400 पौंड किंवा गोइंग रेटच्या 70 टक्के, यांपैकी मोठा आकडा धरतात. बरेच विद्यार्थी 33,400 हा एकच आकडा लक्षात ठेवतात आणि तिथेच फसतात. गोइंग रेट 60,000 असेल, तर सवलतीतही 42,000 लागतात.

हिशोबात आणखी एक खाच आहे. गोइंग रेट आठवड्याला 37.5 तास धरून छापलेला असतो. करारात तास जास्त असतील तर तो त्या प्रमाणात वाढतो. समजा एखाद्या पदाचा दर 48,000 आहे. 37.5 तासांसाठी त्याचे 70 टक्के 33,600 होतात. कंपनीने 34,000 देऊ केले की सगळे ठीक वाटते. पण करारात 40 तास लिहिले असतील, तर दर 51,200 होतो आणि त्याचे 70 टक्के 35,840. पगार 34,000 च राहिला तर अर्ज नामंजूर होतो. बोनस, ओव्हरटाइम किंवा भत्ते दाखवून ही तूट भरून काढता येत नाही, कारण मोजला जातो तो हमखास मिळणारा मूळ पगार. म्हणून ऑफर लेटर आल्यावर पगाराच्या आकड्याआधी तासांचा रकाना वाचावा.

न्यू एन्ट्रंट सवलतीला वेळेची मर्यादाही आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. ही सवलत एकूण चार वर्षांसाठीच मिळते, आणि त्या चार वर्षांत ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळही धरतात. ग्रॅज्युएट व्हिसा जुलै 2021 मध्ये सुरू झाला. त्यावर स्पॉन्सरशिवाय नोकरी करता येते. पीएच.डी. झालेल्यांना तो तीन वर्षांचा मिळतो, इतरांना दोन वर्षांचा. मात्र १ जानेवारी 2027 पासून केलेल्या अर्जांवर इतरांना 18 महिनेच मिळतील. तो मोकळेपणाचा वाटतो खरा, पण सवलतीचे घड्याळ तेव्हापासूनच चालू झालेले असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीचा बारा महिन्यांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम 15 सप्टेंबर 2026 रोजी संपतो. अशा अभ्यासक्रमानंतर साधारण चार महिने जादा मिळतात, म्हणून तिचा विद्यार्थी व्हिसा जानेवारीच्या मध्यापर्यंत आहे. वर सांगितलेले 48,000 दराचे पद तिला 37.5 तासांच्या करारावर, 34,000 पगाराने मिळते. ती थेट स्विच झाली, तर कंपनी तिला तीन वर्षांसाठी स्पॉन्सर करू शकते, आणि नंतर सवलतीचे एक वर्ष उरते. त्याऐवजी तिने डिसेंबर 2026 मध्ये ग्रॅज्युएट व्हिसा घेऊन दोन्ही वर्षे वापरली, तर पुढे सवलतीची दोनच वर्षे राहतात. तेव्हा मनुष्यबळ विभागाने सवयीने तीन वर्षांचे सर्टिफिकेट दिले तर बेरीज पाच वर्षे होते आणि सवलत लागूच होत नाही. मग पूर्ण 48,000 पगार दाखवावा लागतो. अर्ज परत येतो आणि कोणाचे काय चुकले हे लवकर उमगत नाही. सर्टिफिकेट दोनच वर्षांचे मागितले असते तर हे टळले असते.

थेट स्विच होण्यात कंपनीचाही फायदा आहे, आणि मुलाखतीत तो सांगण्याजोगा आहे. परदेशी कर्मचारी ठेवणाऱ्या कंपनीला 'इमिग्रेशन स्किल्स चार्ज' हा कर भरावा लागतो. मोठ्या कंपन्यांसाठी तो कर्मचाऱ्यामागे वर्षाला हजार पौंडांहून जास्त आहे. उमेदवार विद्यार्थी व्हिसावरून थेट स्विच होत असेल तर हा कर माफ असतो. ग्रॅज्युएट व्हिसावरून आला तर माफ नसतो. तीन वर्षांच्या स्पॉन्सरशिपवर ही बचत किती होते, ते लहान कंपनीच्या मालकालाही लगेच कळते. 'आम्ही स्पॉन्सर करत नाही' म्हणणाऱ्यांतल्या काहींना हा नियमच ठाऊक नसतो.

तयारी म्हणून शेवटच्या सत्राआधीच दोन तारखा लिहून ठेवाव्यात: विद्यापीठाने सरकारला कळवलेली अभ्यासक्रमाची समाप्ती आणि व्हिसाची समाप्ती. पदवी किंवा मास्टर्सच्या विद्यार्थ्याची नोकरीवर रुजू होण्याची तारीख अभ्यासक्रम संपण्याआधीची असेल तर स्विच करता येत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मात्र 24 महिने पूर्ण केल्यावर ही मुभा आहे. प्रबंध सादर करायला मुदतवाढ मागितली की पहिली तारीख पुढे सरकते. दुसरी तारीख आपोआप सरकत नाही. जिला परवाना नव्याने काढायचा आहे अशा कंपनीशी बोलणे चालू असेल, तर परवान्याच्या अर्जालाच अनेकदा आठ आठवडे जातात, आणि त्यानंतर व्हिसाचा निर्णय यायलाही तितकाच वेळ लागू शकतो. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीने नवख्या कंपनीला नोव्हेंबरअखेर हा विषय काढला, तर जानेवारीच्या मध्याआधी सर्टिफिकेट हाती पडेलच असे नाही. अर्ज मात्र व्हिसा संपण्याआधी करावाच लागतो. मुदतीत अर्ज केला की निर्णय येईपर्यंत देशात राहता येते.

सर्टिफिकेट आणि परवान्याचा खर्च कंपनीने उमेदवाराकडून घेणे स्किल्ड वर्करच्या बाबतीत नियमबाह्य आहे. स्किल्स चार्जही त्याच्यावर ढकलता येत नाही. व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार मात्र उमेदवाराच्या नावावर असतात आणि ते कंपनीने द्यावेत का, हा वाटाघाटीचा भाग आहे. अधिभार वर्षाला 1,035 पौंड आहे आणि सगळ्या वर्षांचा एकदमच भरायचा असतो. तीन वर्षांच्या व्हिसाला त्याचेच 3,105 पौंड होतात. नोकरी मिळाली तरी पहिला पगार यायच्या आधी ही रक्कम खात्यात लागते.