चरबीचा टक्का आणि पोटातली तूट: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

वाशीम-यवतमाळच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मैदानावर एक नवा आकडा फिरू लागला आहे. तालुक्याच्या जिममध्ये मशीनवर अनवाणी उभं राहायचं, मशीन ‘बॉडी फॅट 8 टक्के’ दाखवते आणि त्याचा फोटो ग्रुपवर जातो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांत तो आकडा जितका कमी, तितका मान जास्त. ही मशीन चरबी मोजत नाही. ती तळपायातून बारीक वीजप्रवाह सोडते, अंगातल्या पाण्याचा अंदाज घेते आणि त्यावरून चरबीचा हिशेब लावते. उन्हात धावून, पाणी न पिता तिच्यावर उभं राहिलं तर आकडा तीन-चार टक्क्यांनी सहज चुकतो. पण खरी गफलत मशीनची नाही. चरबीचा टक्का हाच तब्येतीचा निकष आहे ही समजूत पन्नास वर्षांपूर्वीची आहे आणि संशोधकांनी ती कधीच मागे टाकली आहे.

शरीर चालायला थोडी चरबी लागतेच. पुरुषांत साधारण 3 टक्के आणि बाईमाणसांत 12 टक्क्यांच्या आसपास, हा ढोबळ हिशेब जुना आहे. 1974 मध्ये एक मत फार गाजलं: मुलीची पहिली पाळी यायला अंगात किमान 17 टक्के चरबी हवी आणि ती नियमित राहायला 22 टक्के. समजायला सोपं असल्यामुळे ते टिकलं. मग त्याला धक्के बसू लागले. सारखीच चरबी असलेल्या दोन धावपटूंपैकी एकीची पाळी चालू राही, दुसरीची बंद पडे. 1980 च्या सुमारास नर्तकींच्या अभ्यासात दिसलं, की सराव काही काळ थांबला की वजन फारसं न वाढताही पाळी परत येते. चरबी तेवढीच असताना पाळी परतत असेल, तर दोष चरबीचा कसा?

1984 मध्ये प्रश्न हाडांपर्यंत गेला. पाळी बंद असलेल्या, सरासरी पंचविशीतल्या खेळाडू मुलींच्या कण्याची घनता मोजली, तर ती 51 वर्षांच्या बायकांएवढी निघाली. 1992 मध्ये खाण्यातला बिघाड, बंद पाळी आणि ठिसूळ हाडं या तिन्ही गोष्टी एकत्र बांधून ‘त्रिकूट’ मांडलं गेलं. 1997 मध्ये त्यावर अधिकृत भूमिका आली आणि पुढची पंधरा-सतरा वर्षं तेच चाललं.

या सगळ्यात खरं वळण 2003 च्या एका प्रयोगाने आणलं. नियमित पाळीच्या, पण खेळाडू नसलेल्या मुलींना पाच दिवस मोजून खायला दिलं, मोजून व्यायाम करायला लावला आणि पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके, म्हणजे ते थांबून थांबून रक्तात सुटण्याची लय, तपासली. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा खाण्यातून वजा केली, की बाकी शरीराला काय उरतं, हे त्यांनी पाहिलं. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे 30 किलोकॅलरींपेक्षा कमी उरलं, की ठोके मंदावले. पाच दिवसांत कोणाची चरबी उतरून जात नाही. याआधीच्या प्रयोगांतून हेही कळलं होतं, की व्यायाम कितीही करा, जेवण त्या प्रमाणात वाढवलं तर ठोके बिघडत नाहीत. शरीर कष्टाला घाबरत नाही. कष्टानंतर घरखर्चाला काय उरलं, एवढंच ते पाहतं.

आपल्याकडचा हिशेब करून पाहू. भरतीची तयारी करणारी मुलगी घ्या, वजन 46 किलो, चरबी 15 टक्के. चरबी वगळता उरले सुमारे 39 किलो. ती पहाटे आणि संध्याकाळी मिळून दहा किलोमीटर धावते. धावण्याचा खर्च किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक किलोकॅलरी, म्हणजे 450 च्या आसपास. खाणं असं: सकाळी मूठभर भिजवलेले हरभरे आणि चहा, दुपारी वरण-भात आणि एक पोळी, रात्री ‘वजन वाढू नये’ म्हणून अर्धी भाकर आणि भाजी. सगळं मिळून अगदी सढळ हाताने 1600 धरू. 1600 मधून 450 गेले, उरले 1150. त्याला 39 ने भागलं की 29.5. म्हणजे उंबरठ्याच्या जरा खाली, तेही शेतातलं काम, पाणी भरणं आणि कॉलेजचं पायी जाणं न मोजता. निरोगी राहायला 45 लागतात असं मानलं, तर तिला दिवसाला सुमारे 2200 हवेत. तूट 600 ची. एक मोठी ज्वारीची भाकर, ओंजळभर शेंगदाणे आणि वर गुळाचा खडा, एवढ्यात ती भरते. नवरात्रात नऊ दिवस उपास धरून ती तशीच धावत राहिली, तर तूट किती होईल ते वेगळं सांगायला नको.

या मुलीचं वजन घटेलच असं नाही. शरीर खर्च आवरतं: नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, थायरॉइडचं संप्रेरक उतरतं, पाळी थांबते. काटा जागेवर राहतो म्हणून घरच्यांना सगळं ठीक वाटतं. पाळी थांबल्याबद्दल तर मैदानावर सुटकेचा सूर असतो: ‘पाळी नाही आली तं बरंच हाये, भरतीच्या दिवशी कटकट नाही.’ तीन महिने पाळी न येणं किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरू न होणं, ही डॉक्टरकडे जायची वेळ आहे. कडक सरावाची पावती म्हणून ते मिरवण्यात अर्थ नाही.

आता 2014 ची गोष्ट. त्या वर्षी जागतिक पातळीवरच्या एका क्रीडा संस्थेने त्रिकूट बाजूला ठेवून ‘खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट’ ही मोठी छत्री उघडली. तिच्याखाली पाळी आणि हाडं होतीच. शिवाय प्रतिकारशक्ती, पचन, हृदय, वाढ, मन:स्थिती आणि खेळातली कामगिरी असं बरंच काही आलं. आणि पहिल्यांदाच मुलगेही आले. त्रिकूटवाले चिडले, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. तीन खुणांमागे तीन दशकांचा पुरावा होता, तर नव्या यादीतल्या अनेक गोष्टींमागे तुरळक अभ्यास. पुरुषांसाठी 30 सारखा उंबरठा कुठे सिद्ध झाला होता? लेखी वादावादी झाली, दोन्हीकडून उत्तरं-प्रत्युत्तरं छापली गेली. 2018 मध्ये छत्री दुरुस्त झाली, 2023 मध्ये पुन्हा. या शेवटच्या फेरीत 30 चा आकडा सर्वांना लागू होणारी रेघ मानायचं थांबलं, कारण कोणाला त्याच्या वरही त्रास होतो आणि कोणी खाली जाऊनही काही दिवस तगतो. थोडक्या काळाची, शरीराला झेपणारी तूट वेगळी आणि लांबलेली, घातक तूट वेगळी, असा फरकही केला गेला. तरीही, हे स्वतंत्र दुखणं आहे की अनेक कारणांना एकच चिठ्ठी डकवली आहे, असा प्रश्न संशोधक आजही विचारतात.

माझा कौल नव्या बाजूला आहे आणि कारण इथलंच आहे. त्रिकुटाच्या हिशेबात आमचे कबड्डीचे पोरं बसतच नव्हते. वजनी गटाच्या सामन्याला शेवटचे दोन किलो उतरवायला ते भर उन्हात रेनकोट घालून धावतात, पाणी तोडतात, थुंकत राहतात. पंचासमोर धान्याच्या काट्यावर चप्पल काढून उभं राहताना घशाला कोरड असते. सामना त्याच संध्याकाळी. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेजकुमार पैलवान याच पद्धतीने वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे किमान 5 टक्के चरबीच्या हिशेबाने प्रत्येक पैलवानाचं किमान वजन ठरवणं सुरू झालं. गमतीचा भाग असा, की मागे टाकलेला चरबीचा टक्का इथे नियमांतून परत आला, कारण मोजायला तोच सोपा. पोरांत तुटीच्या खुणा उघड दिसत नाहीत: सकाळी लिंगाला येणारा ताठरपणा येईनासा होतो, कामेच्छा मावळते, सर्दी-खोकला हटत नाही, चिडचिड वाढते. हे कोणता मुलगा मास्तरला सांगणार? पोलीस भरतीत तर याची उलटी किंमतही मोजावी लागते. 79 सेंटिमीटर छाती भरायची असते आणि धावण्याच्या नादात उपाशी राहिलेलं पोर मोजमापालाच अडकतं.

कामगिरी घसरते, या दाव्यामागे 2014 चाच एक लहानसा पण बोलका अभ्यास आहे. किशोरवयीन जलतरणपटू मुलींना बारा आठवडे पाहिलं गेलं. ज्यांचं पाळीचं चक्र सुरळीत होतं, त्या 400 मीटरला सुमारे 8 टक्के वेगवान झाल्या. ज्यांचं चक्र दबलं होतं, त्या जवळपास 10 टक्के मंदावल्या. सराव एकच होता. मुली मोजक्याच, त्यामुळे आकडे सैल धरावेत; पण वजन घटवून वेग वाढतो या समजुतीला तो अभ्यास तडा देतो. सुरुवातीचे काही दिवस हलकं वाटतं हे खरं. मग स्नायू भरून निघत नाहीत, साठवलेली साखर संपलेली असते आणि त्याच सरावाचा अंगाला फायदा होईनासा होतो.

तक्रार घेऊन दवाखान्यात जायची वेळ बहुधा नडगीच्या दुखण्याने येते. डांबरी रस्त्यावर धावणाऱ्यांची नडगी दुखतेच, म्हणून फरक कळला पाहिजे. हाडाच्या कडेला लांबवर दुखत असेल आणि अंग गरम झालं की कमी होत असेल, तर ते बहुधा स्नायूंचं. एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एका ठिकाणी कळ जाते, एका पायावर उडी मारली की डोळ्यांत पाणी येतं आणि रात्री झोपेतही ठणकतं, तर ते हाडाला गेलेली चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ती बहुतेकदा दिसत नाही. इथेच घोळ होतो. एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो, दुखण्याचं इंजेक्शन मिळतं आणि चौथ्या दिवशी पोरगी पुन्हा रस्त्यावर.

आपल्या भागात या छत्रीची एक अडचण मात्र मान्य करावी लागते. थकवा, धाप, मंदावलेला वेग हे सगळं रक्तक्षयातही होतं, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असतो, ज्यात हाडं दुखतात. म्हणून तुटीचा निष्कर्ष काढण्याआधी हिमोग्लोबिन, अंगातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन आणि सिकलसेल यांची तपासणी झाली पाहिजे. लोह कमी निघालं तरी तुटीचा संशय जात नाही, कारण कमी खाणाऱ्याचं लोहही कमीच असतं.

उपायातला वादही जुनाच आहे. बंद पाळीला गोळ्या देऊन रक्तस्राव आणला की घरचे निश्चिंत होतात. पण तो गोळ्यांचा परिणाम असतो. तूट तशीच राहते आणि अशा गोळ्यांनी हाड वाचतं असं दिसलेलं नाही. जेवण वाढवून आणि सराव काही आठवडे उतरवून पाळी परतायला कित्येक महिने लागू शकतात, आणि गेलेली घनता पूर्ण भरून येईल याची खात्री नसते. हाडांची घनता मोजायची सोय नागपूरसारख्या शहरात, आणि भरतीची तारीख त्याआधी.