अक्षांश-रेखांशांतील दशांश स्थळांची निवड

एखाद्या बिंदूचे अक्षांश व रेखांश दशांश अंशांत लिहिताना दशांशचिन्हापुढे किती आकडे ठेवायचे, हे जमिनीवर किती मीटरची चूक चालणार आहे त्यावरून ठरवण्याची रीत. सर्वेक्षण, नकाशानिर्मिती, नोंदवह्या आणि संगणकीय माहितीसाठे अशा सर्व ठिकाणी ती लागते. आकडे कमी पडले तर मोजलेला बिंदू लिहितानाच सरकतो. आकडे गरजेपेक्षा जास्त असले तर बिंदू सरकत नाही, पण वाचणाऱ्याला मोजणी होती त्याहून नेमकी वाटते. पहिली चूक कायमची असते, कारण गाळलेला आकडा त्या नोंदीतून पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून शंका असेल तिथे एक स्थळ जास्त ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

हिशेबाचा पाया सोपा आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्यामुळे हे अंतर विषुववृत्तावर ११०.६ आणि ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर भरते, पण हा एक टक्क्याचा फरक स्थळे ठरवताना सोडून देता येतो. दर पुढच्या दशांश स्थळाला अंतर दहापटीने घटते. चौथ्या स्थळातील एकाचा फरक जमिनीवर सुमारे ११ मीटर, पाचव्यातील १.१ मीटर, सहाव्यातील ११ सेंटिमीटर आणि सातव्यातील सेंटिमीटरभर. शेवटच्या आकड्यात एकाने फरक पडला की जमिनीवर जेवढे अंतर पडते, त्याला या नोंदीत ‘पायरी’ म्हटले आहे.

रेखांशाची पायरी मात्र ठिकाणानुसार बदलते. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकवटत जातात, त्यामुळे विषुववृत्तावर १११.३ किलोमीटर असलेला रेखांशाचा अंश अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात आखडतो आणि ६० अंशांवर जवळजवळ निम्मा, म्हणजे ५५.८ किलोमीटर होतो. यावरून रेखांशाला कमी आकडे पुरतील असे वाटणे साहजिक आहे. पण एक पूर्ण दशांश स्थळ वाचण्यासाठी रेखांशाचा अंश विषुववृत्तावरील लांबीच्या एक दशांशावर यावा लागतो, आणि तसे सुमारे ८४ अंशांच्या पलीकडेच घडते. त्यामुळे ध्रुवीय प्रदेश सोडला तर दोन्ही आकड्यांना सारखीच स्थळे ठेवावीत. निर्णय पायरी मोठी असलेल्या दिशेवरून घ्यायचा, आणि ती दिशा जवळजवळ सगळीकडे उत्तर-दक्षिण असते.

पायरी आणि चूक यांची गल्लत नेहमी होते. संख्या जवळच्या आकड्याला आणून लिहिली तर एका दिशेतील जास्तीत जास्त चूक अर्ध्या पायरीची असते. दोन्ही दिशांतील चुका एकाच वेळी टोकाला गेल्या तर बिंदू चौकटीच्या कोपऱ्याइतका, म्हणजे पायरीच्या सुमारे ०.७ पट सरकतो. n स्थळे ठेवली तर जगात कुठेही ही सर्वांत वाईट चूक ७९,००० मीटरला १० च्या n व्या घाताने भागल्यावर येते तेवढ्याच्या आत राहते. लिहिताना r मीटरपर्यंतची चूक चालणार असेल तर लागणारी स्थळे अशी निघतात, आणि त्यात ceil म्हणजे उत्तर वरच्या पूर्णांकावर नेणे:

```
n = ceil(log10(79000 / r))
```

सूत्रापेक्षा r ठरवण्याला जास्त विचार लागतो. कामाला हवी असलेली अचूकता जशीच्या तशी r मध्ये घातली, तर सगळी सवलत लिहिण्यातच संपते आणि मोजणीच्या चुकीला काही उरत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. जमिनीत गाडलेल्या झडपेचे झाकण नंतर २ मीटरच्या आत सापडायला हवे आहे. जागा ६० अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. मोजणी ज्या यंत्राने झाली त्याची चूक १.५ मीटर धरली आहे. बिंदू आणि त्याची तीन लिखित रूपे अशी:

```
60.123456, 24.654321   मूळ मोजणी
60.1235,   24.6543     चार स्थळे
60.12346,  24.65432    पाच स्थळे
60.1234,   24.6543     चार स्थळांवर छाटलेली
```

चार स्थळांवर आणल्यावर अक्षांश ०.००००४४ अंशाने बदलतो, म्हणजे बिंदू उत्तरेला ४.९ मीटर जातो. रेखांश ०.००००२१ अंशाने बदलतो. या अक्षांशावर तो फरक पश्चिमेला १.२ मीटरचा होतो. एकूण सरक ५ मीटर. यंत्राची चूक मोजायच्या आधीच २ मीटरची मर्यादा अडीच पटीने ओलांडली गेली, म्हणजे चार स्थळे बाद. पाच स्थळांवर याच बिंदूची सरक ०.४५ मीटर येते, परंतु निर्णय एका बिंदूच्या नशिबावर घेता येत नाही. या अक्षांशावर पाच स्थळांची सर्वांत वाईट सरक ०.६२ मीटर आहे. ती १.५ मध्ये मिळवली तर २.१२ होतात आणि मर्यादा थोडक्यात हुकते. सूत्रही हेच सांगते: r साठी ०.५ मीटर उरतात, आणि उत्तर ६ येते. सहा स्थळांवर सर्वांत वाईट सरक ६ सेंटिमीटर, बेरीज १.५६ मीटर, आणि काम निभावते.

इथे एक पोटप्रश्न आहे, आणि तो टाळू नये. १.५ मीटर ही यंत्राची कमाल चूक आहे की सरासरी स्वरूपाची? सरळ बेरीज फक्त कमाल चुकांची करावी. यंत्राचा आकडा सांख्यिकी असेल, म्हणजे बहुतेक मोजण्या त्याच्या आत येतात एवढेच तो सांगत असेल, तर चुकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढतात. आकडा जवळच्या किमतीला आणण्याची चूक पायरीभर समान पसरलेली असते आणि तिचे प्रमाण विचलन पायरीला १२ च्या वर्गमुळाने भागून मिळते. पाच स्थळांसाठी दोन्ही दिशा मिळून ते ०.३६ मीटर येते. १.५ मीटर हेही त्याच अर्थाचे धरले तर एकत्रित चूक १.५४ मीटर, म्हणजे जवळजवळ काहीच वाढ नाही. या दृष्टीने पाच स्थळे चालतात. प्रत्येक झाकण हमखास सापडलेच पाहिजे अशी अट असेल तर सहा, बहुसंख्य सापडले तरी चालत असेल तर पाच. सहावा आकडा लिहायला जवळजवळ फुकट असतो, म्हणून व्यवहारात सहाच निवडावेत.

वरील चौथी ओळ छाटण्याचा धोका दाखवते. उरलेले आकडे सरळ कापून टाकले तर सरक ५ ऐवजी ६.३ मीटर झाली, आणि खरे नुकसान याहून खोल आहे. जवळच्या आकड्याला आणल्यावर काही बिंदू एका बाजूला तर काही दुसऱ्या बाजूला जातात. छाटल्यावर सगळेच बिंदू शून्याच्या, म्हणजे विषुववृत्ताच्या आणि मूळ रेखावृत्ताच्या दिशेने ढकलले जातात, सरासरीने अर्धी पायरी. ही चूक हजारो बिंदूंची सरासरी घेऊनही जात नाही. एखादी नोंद संपूर्ण एकाच दिशेला सरकलेली दिसली, तर मजकूर ठराविक लांबीवर कापला गेला असण्याची शक्यता आधी तपासावी.

आकडे हरवल्याची सर्वांत स्पष्ट खूण नकाशा खूप मोठा करून पाहिल्यावर दिसते: बिंदू विखुरलेले न राहता सरळ ओळी आणि रकाने धरतात. दोन ओळींमधले अंतर मोजले की पायरी कळते. ते ११ मीटर असेल तर चार स्थळे शिल्लक आहेत, मग रकान्यात सात आकडे छापलेले असले तरी. मात्र एखाद-दुसऱ्या किमतीत आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नये. तक्ते हाताळणाऱ्या प्रणाली शेवटचे शून्य गाळतात, त्यामुळे साधारण दर दहा किमतींपैकी एकीत एक स्थळ कमी दिसणे स्वाभाविक आहे.

उलट प्रकार अंश-कला-विकलांतून दशांशात आणलेल्या किमतींत आढळतो. एक विकला म्हणजे सुमारे ३१ मीटर. पूर्ण विकलांत नोंदलेला बिंदू एका दिशेत १५ मीटरपर्यंत चुकीचा असू शकतो, पण ३६०० ने भागले की पडद्यावर ०.२७७७७७८ सारखी ऐटबाज संख्या उमटते. संशय आला तर दशांश भागाला ३६०० ने गुणावे. रकान्यातील सगळ्या किमतींचे उत्तर पूर्णांकाला चिकटून आले, तर मूळ नोंद विकलांचीच होती. अशा बिंदूला चार स्थळे पुरेशी आहेत. चौथ्या स्थळाची ११ मीटरची पायरी विकलेपेक्षा बारीकच आहे.

साठवणीचा प्रकारही आकडे खातो. ३२ बिटांच्या दशांश संख्येत १२८ अंशांपलीकडच्या रेखांशाच्या दोन लगतच्या किमतींमध्ये सुमारे ०.००००१५ अंशाचे अंतर असते, म्हणजे विषुववृत्तावर १.७ मीटर. सहा स्थळे लिहिली तरी सहावे तिथे टिकतच नाही. ६४ बिटांत ही अडचण उरत नाही. दुसरा चांगला उपाय म्हणजे अंशांना एक कोटीने गुणून पूर्णांक साठवणे. १८० अंशांचे १८० कोटी होतात आणि ते ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात बसतात. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या जागतिक नकाशात सात स्थळे याच रीतीने ठेवली जातात.

बिंदू शोधण्यासाठी पुरणारी स्थळे बिंदूंमधले हिशेब करायला पुरतीलच असे नाही. विषुववृत्ताजवळ उत्तर-दक्षिण जाणारी २० मीटरची रेषा घ्या. पाच स्थळांवर तिचे प्रत्येक टोक पूर्व-पश्चिम अर्धा मीटरभर हलू शकते. दोन्ही टोके विरुद्ध बाजूंना गेली तर दिशा तीन अंशांहून जास्त चुकते. झाकण सापडेल, पण त्यावरून नळ कुठल्या बाजूला जातो हे चुकीचे कळेल. छोट्या तुकड्याचे क्षेत्रफळ किंवा कडेची दिशा काढायची असेल तर एक-दोन स्थळे वाढवून घ्यावीत, आणि मधल्या हिशेबांत कुठेही आकडे न कापता फक्त शेवटच्या उत्तरावर ते कमी करावेत.

पाचव्या स्थळापासून पुढे आकड्यांनी सुटत नाही असा प्रश्न उभा राहतो. अक्षांश-रेखांश एखाद्या संदर्भप्रणालीत मोजलेले असतात आणि जमीन स्वतः सरकत असते. ऑस्ट्रेलियाचे भूपट्ट वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे जाते, आणि त्यामुळे तिथल्या जीडीए९४ व जीडीए२०२० या दोन प्रणालींत एकाच खुणेचे स्थान सुमारे १.८ मीटरने वेगळे येते. पाच स्थळांच्या नोंदीतसुद्धा हा फरक स्पष्ट दिसतो, आणि आकडे वाढवल्याने तो कमी होत नाही. म्हणून पाच किंवा अधिक स्थळांच्या नोंदीत प्रणालीचे नाव लिहावे, आणि सात स्थळांपासून पुढे मोजणीची तारीखही.