रात्री घेतली असेल, तर पेनकिलर मागताना सांगा

रविवारी सकाळी आमच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "भाऊ, डोकं फार दुखून राहिलं, एक पेनकिलर देऊन द्या." आम्ही विचारतो, रात्री दारू घेतली होती का? काहींना या प्रश्नाचा राग येतो. तरीही आम्ही विचारणारच, कारण गोळी कोणती द्यायची ते या उत्तरावर ठरतं.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक या गोळ्या दुखणं थांबवतात, पण त्याचबरोबर जठराचं आतलं अस्तर सांभाळणारं रसायनही कमी करतात. दारू त्याच अस्तराला जाळते. दोन्ही एकत्र आले की जखम होऊन रक्त वाहण्याचा धोका वाढतो. रोज तीन किंवा जास्त पेग घेणाऱ्यांना, साठी ओलांडलेल्यांना आणि आधी अल्सर झालेल्यांना तो जास्त असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे, "मी चार तासांचा गॅप ठेवला, जेवूनच गोळी घेतली," असं म्हणून निर्धास्त होणं. या गोळ्या रक्तातून काम करतात, त्यामुळे भरल्या पोटी घेतल्या किंवा त्याऐवजी इंजेक्शन घेतलं तरी अस्तराचं नुकसान टळत नाही. अ‍ॅस्पिरिनचा रक्त गोठण्यावरचा परिणाम तर 7 ते 10 दिवस राहतो.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन 75 चालू आहे. गुडघा दुखतो म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आयबुप्रोफेन 400 दिवसातून तीनदा सुरू केली. शनिवारी सावजी जेवणासोबत चार पेग झाले. सोमवारी शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली, तर माणूस म्हणतो, मसाल्याने झालं असेल. तो रंग मसाल्याचा नसतो, पोटातल्या रक्ताचा असतो. पोट दुखेलच असंही नाही. अशी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर किंवा घाम दिसला तर आमच्याकडे अ‍ॅसिडिटीची गोळी मागायला येऊ नका. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जा, नाहीतर 108 ला फोन करा.

हृदयाची अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बंद करायची आहे ती दारू आणि वरून घेतलेली पेनकिलर.

मग डोकेदुखीला काय? बहुतेकांना साधी पॅरासिटामॉल जठराला सौम्य पडते. पण रोज पिणाऱ्यांच्या यकृताला तीही झेपेलच असं नाही, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. "पॅरासिटामॉल" म्हणून घरात ठेवलेल्या पाकिटात पुष्कळदा सोबत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक असते, आणि पाकिटामागची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही.

घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. कोणत्या गोळीत काय आहे ते आम्ही वाचून पाकिटावर मराठीत लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा आलात तर निवांत बघता येईल.