टाय रॉड वर घेतला की भिंत हलकी होते?

"सर, टाय रॉड जितका वर, तितका त्याच्यावर ताण कमी. मग शीट पाइलचा सेक्शनही हलका चालतो ना?"

शीट पाइल म्हणजे जमिनीत ठोकलेली, माती अडवणारी पोलादी भिंत; टाय रॉड म्हणजे तिला मागच्या अँकरशी बांधणारी सळई. प्रश्नाचा पहिला भाग बरोबर. दुसरा साफ चुकीचा, आणि मुंबईच्या साइट्सवर तो मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे.

एक उदाहरण सोडवू. 6 मीटर उंच भिंत, कोरडी वाळू, घर्षणकोन 30 अंश, वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन. फ्री अर्थ सपोर्ट या गणितपद्धतीत पाइलचं खालचं टोक फिरायला मोकळं धरतात. म्हणून आधी टाय रॉडभोवती मोमेंट घेऊन गाडणीची खोली काढायची, मग आडव्या बलांच्या समतोलातून ताण.

रॉड माथ्यापासून 1 मीटर खाली असेल, तर गाडणी सुमारे 2.3 मीटर, दर मीटर लांबीला ताण 64 किलोन्यूटन, कमाल बेंडिंग मोमेंट 132 किलोन्यूटन-मीटर. तोच रॉड 2 मीटरवर नेला, की ताण 74 होतो, पण मोमेंट 96 वर उतरतो. गाडणी जेमतेम 15 सेंटीमीटरने घटते. रॉड आणि तळाचा आधार यांमधला गाळा आखूड झाला, म्हणून पाइल कमी वाकतो, आणि हलका सेक्शन चालतो तो रॉड खाली घेतल्यावर.

हे आकडे सुरक्षा गुणकाशिवायचे आहेत.

मग रॉड आणखी खाली का नेत नाहीत? आपल्याकडे किनाऱ्यावरच्या भिंतींसमोर उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. रॉड फार खाली गेला, की जोडणी पाण्यात करावी लागते. शिवाय वाढलेल्या ताणासाठी अँकरही तपासावा लागतो, कारण रॉड तुटला तर भिंत जाते.